अण्णांची मजुरी कुठल्या खात्यात?

बुधवार, सकाळ

तिसरी पाळी सातला सुटली. आंघोळ झाली, पण डोळा लागत नाहीये, म्हणून लिहायला बसलो.

कुपवाड एमआयडीसीत रात्री अकरा ते सात सीएनसीवर उभा राहायचं आणि परीक्षा बीकॉमची द्यायची, तर पुस्तक घेऊन बसणं जमत नाही. अडीचला चहाची किटली येते, तेवढाच वेळ हातात. म्हणून मी चिठ्ठ्या करतो. लग्नसराईत घरात पत्रिकांचा ढीग पडतो, त्यांची कोरी बाजू कापून घ्यायची. कागद जाड असतो, घामाने मऊ पडत नाही. लिहायचं मात्र पेन्सिलने, कारण कूलंटचा हात लागला की शाई पसरते. पुढच्या बाजूला एकच प्रश्न. मागच्या बाजूला नोंद आणि तिच्याखाली तसं का, याची एक ओळ. ही ओळ सगळ्यात महत्त्वाची, कारण नुसती नोंद पाठ केली आणि परीक्षेत आकडे किंवा तारखा फिरवल्या की हात थांबतो. युनिफॉर्मच्या शर्टाला दोन खिसे आहेत. न आलेलं कार्ड डाव्या खिशात, आलेलं उजव्यात. चहाला हात डाव्या खिशातच जायला हवा. उजव्यातली कार्डं चाळत बसलं की सगळं येतं असं वाटतं, ते भलतंच.

काल चुकांची दुरुस्ती हा धडा चालू होता. अण्णा ग्लास घेऊन शेजारी बसले. अण्णा फिटर, निवृत्तीला आलेले. म्हणाले, "दे इकडं, मी इचारतो." चष्मा नाकावर ओढून त्यांनी वाचलं, "यंत्र बसवण्यासाठी स्वतःच्या कामगारांना दिलेली मजुरी 20,000 रुपये मजुरी खात्याला नावे लिहिली. दुरुस्तीची नोंद द्या."

मी म्हणालो, "यंत्रसामग्री खाते नावे 20,000, मजुरी खात्याला जमा 20,000."

अण्णांनी कार्ड उलटं केलं, मान हलवली. मग एकदम म्हणाले, "म्हंजे आपण त्या नव्या मशीनचा खड्डा खणला, काँक्रीट ओतलं, त्याची मजुरी मजुरीत न्हाई?"

"न्हाई. ती मशीनच्या किमतीत."

प्रश्न आपल्याच शेडवर आला म्हणून मग कागदाच्या तुकड्यावर त्यांना मांडून दाखवलं. खरे आकडे ऑफिसला ठाऊक, मी समजायला सोपे धरले. मशीन 8,00,000. ट्रकभाडं 22,000. क्रेन 8,000. फाउंडेशनचं सिमेंट, सळई, बोल्ट 30,000. आणि आपल्या माणसांची मजुरी 20,000. एकूण 8,80,000. मशीन जागेवर उभं राहून चालायला तयार होईपर्यंत त्याच्यासाठी म्हणून जे लागलं, ते सगळं मशीनच्या खात्यात जातं. हा भांडवली खर्च.

"आणि चुकून मजुरीत लिहिलं तर काय आभाळ कोसळतं?"

गंमत अशी, की काहीच कोसळत नाही. तेरीज जुळते. मजुरी खातं नावे काय आणि यंत्रसामग्री खातं नावे काय, 20,000 नावे बाजूलाच पडतात. तेरीज फक्त दोन्ही बाजूंची बेरीज बघते, पैसे कुठल्या घरात गेले ते तिला कळत नाही. भांडवली खर्च रोजच्या खर्चात धरला, म्हणून ही तत्त्वाची चूक. ती पकडायला, तेरजेतला फरक तात्पुरता ज्यात टाकतात ते सस्पेन्स खातंही कामाला येत नाही, कारण फरकच पडलेला नसतो. पकडायची तर मजुरी खातं उघडून महिन्या-महिन्याचा आकडा बघायचा. हजेरी तेवढीच असताना एका महिन्याला मजुरी फुगलेली दिसली, की त्या महिन्यात शेडमध्ये काय बांधकाम चाललं होतं ते विचारायचं.

नफ्यावर मात्र परिणाम होतो. वर्षाच्या सुरुवातीपासून मशीन चालू आहे, घसारा दरवर्षी मूळ किमतीच्या 10 टक्के आणि शेवटी भंगाराची किंमत शून्य, असं धरू. बरोबर लिहिलं तर घसारा 88,000. मजुरी बाहेर राहिली तर मशीन 8,60,000 चं आणि घसारा 86,000. म्हणजे पहिल्या वर्षी खर्चात 20,000 उगाच जास्त आले आणि घसारा 2,000 ने कमी पडला. नफा 18,000 ने कमी दिसला. पुढची नऊ वर्षं घसारा दरसाल 2,000 कमी, म्हणून नफा दरसाल 2,000 जास्त दिसणार. नऊ दुणे अठरा. दहा वर्षांत फिटंफाट होते, पण एकाही वर्षाचा नफा खरा नसतो.

अण्णा बोटं मोजत होते. "नऊ दुणे अठरा" ला त्यांनी चहाचा शेवटचा घोट घेतला आणि म्हणाले, "ब्येस. मंजे माजी खणती धा वर्सं मशीनसंगं चालती."

"चालती."

"आन् तू जे दोन दिवस कंपनीच्या माणसाकडनं हे मशीन शिकत हुतास, त्याचा पगार?"

हे कार्ड माझ्याकडे नव्हतं, पण उत्तर येत होतं. कामगाराला मशीन शिकवण्याचा खर्च मशीनच्या किमतीत धरत नाहीत. भारताच्या लेखा मानक 10 प्रमाणेही तो बाहेरच राहतो. तो त्याच वर्षाचा महसुली खर्च. पूजेचा नारळ आणि पेढेही तसेच.

"वा रे वा! माझा खड्डा मशीनमधी, आणि तुझं शिकणं नारळाबरोबर!" अण्णा इतके खूश झाले, की पलीकडच्या लाइनवरचा पोरगा वळून बघायला लागला. मी कारण सांगायचा प्रयत्न केला. खड्डा मशीनपाशीच राहतो, मी उद्या राजीनामा टाकला तर शिकलेलं घेऊन दुसऱ्या कारखान्यात जाईन, त्यावर मालकाचा ताबा नाही. त्यांना ते पटलं, पण चेहऱ्यावर आणलं नाही.

भोंगा व्हायला दोन मिनिटं राहिली होती, म्हणून त्याच गणिताचं दुसरं कार्ड त्यांनी घाईत वाचलं. "हीच चूक अंतिम खाती तयार झाल्यावर, पुढच्या वर्षी सापडली तर?" इथं बरीच पोरं मजुरी खात्यालाच जमा देतात. पण गेल्या वर्षीचं मजुरी खातं बंद झालेलं असतं. त्याला जमा दिलं तर यंदाची मजुरी विनाकारण 20,000 ने कमी दिसेल. म्हणून यंत्रसामग्री खाते नावे, नफा-तोटा समायोजन खात्याला जमा. आणि राहिलेल्या घसाऱ्याचे 2,000 समायोजन खात्याला नावे टाकून यंत्रसामग्री खात्याला जमा. समायोजन खात्यात उरले 18,000, म्हणजे गेल्या वर्षी नफा जेवढा कमी दिसला होता तेवढेच. आकडा असा जुळला की नोंद बरोबर आहे हे तिथल्या तिथं कळतं, उत्तरं बघायला पानं उलटावी लागत नाहीत.

हे कार्ड उजव्या खिशात गेलं. पहिलं मी डाव्यातच ठेवलं. येतं, पण अण्णांना आज परत विचारायचंय.

त्यांनी जाता जाता एक प्रश्न टाकलाय. जुन्या लेथची मोटर जळाली, ती वाइंडिंग करून आणली, तर ते पैसे मशीनमध्ये जातात का? वाइंडिंगने मोटर होती तशीच चालायला लागली, जादा काही मिळालं नाही, म्हणून दुरुस्ती खर्च, हे सोपं. पण त्याच जागी जास्त ताकदीची नवी मोटर बसवली आणि लेथचं काम वाढलं, तर? त्याचं कार्ड झोपून उठल्यावर करतो. पत्रिका संपल्यात, शेजारच्या काकूंकडे मागाव्या लागतील.