आमची वाटचाल : हजेरीपत्रकापासून ताकीदपत्रापर्यंत

कोल्हापूरच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत आमचा यंत्रकामाचा छोटा कारखाना आहे. फौंड्रीतून आलेल्या ओतीव सुट्या भागांचे यंत्रकाम करून ते पुढच्या कंपनीला पोचवणे हा आमचा व्यवसाय. सुरुवातीला माणसे इतकी मोजकी होती की कोण आले, कोण आले नाही हे यंत्रांकडे नजर टाकली तरी कळत असे आणि रजेचा विषय तोंडीच मिटत असे. माणसे वाढली, दोन पाळ्या सुरू झाल्या आणि नियुक्तिपत्र, रजेचा अर्ज, हजेरीपत्रक या गोष्टी कागदावर आल्या. ताकीदपत्र मात्र बरीच वर्षे कोणाला द्यावे लागले नव्हते. ते पहिल्यांदा देण्याची वेळ आली तेव्हा आम्ही काय केले, ते येथे लिहीत आहे.

प्रकरण एका कुशल व्हीएमसी ऑपरेटरचे होते. कामात त्यांचा हात धरणारे कोणी नाही, पण डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात ते चार वेळा मिळून नऊ दिवस न कळवता गैरहजर राहिल्याची सुपरवायझरची तक्रार होती. दुसऱ्या पाळीचे यंत्र बंद राहिले की त्या दिवशीचा माल जात नाही आणि ग्राहकाकडचा फोन मला घ्यावा लागतो. सुपरवायझरचे म्हणणे सरळ होते, "साहेब, एक कडक पत्र द्या, आपोआप सुधारतील." माझे मत वेगळे होते. ताकीद ही लहान का होईना, शिक्षाच आहे, आणि ज्याला शिक्षा द्यायची त्याचे म्हणणे आधी ऐकलेच पाहिजे. म्हणून पहिले पत्र ताकीदीचे न देता खुलासा मागणारे द्यायचे ठरले.

ते लिहिण्यापूर्वी हजेरीपत्रक, रजेचे अर्ज आणि सुपरवायझरच्या मोबाईलवरचे निरोप शेजारी ठेवून एकेक तारीख तपासली. १२ जानेवारीला त्यांनी सकाळी निरोप पाठवला होता आणि सुपरवायझरने त्याला "ठीक आहे" असे उत्तर दिले होते. नुसते कळवणे म्हणजे रजा मंजूर होणे नव्हे, हे खरे, पण वरिष्ठाने होकार दिल्यावर ती गैरहजेरी विनापरवाना म्हणता येत नाही. तो दिवस वगळला. उरलेल्या आठ दिवसांपुढे हजेरीपत्रकात काय शेरा आहे, हेही पाहिले. याकडे अनेकांचे लक्ष जात नाही. पगार काढताना सोय म्हणून अशा दिवसापुढे "बिनपगारी रजा" असे लिहिले जाते, आणि मग तुम्हीच रजा दिली होती, आता गैरवर्तन कसले, असा वाद उभा राहतो. आमच्याकडे "गैरहजर" असाच शेरा होता. त्या दिवसांचा पगार तेवढ्याच प्रमाणात कापला होता, त्यावर आणखी दंड म्हणून एक पैसाही कापला नव्हता. एका दिवसाच्या खाड्याला दोन दिवसांचा पगार कापण्याची पद्धत काही ठिकाणी ऐकू येते. तिला कायद्याचा आधार नाही.

खुलासा मागणाऱ्या पत्रात फक्त ८ व ९ डिसेंबर, २२ ते २४ डिसेंबर आणि २ ते ४ फेब्रुवारी या तारखा, नियुक्तिपत्रातील रजेची अट आणि लेखी खुलाशासाठी सात दिवसांची मुदत एवढेच होते. आजारपण असल्यास विमा दवाखान्याचे प्रमाणपत्र जोडावे, अशी एक ओळ घातली, कारण आजारपण खरे असेल तर प्रश्न शिस्तीचा राहतच नाही.

उत्तर तिसऱ्या दिवशी आले. २२ डिसेंबरला अचानक ऊसतोडीची टोळी शेतात आली, टोळी परत पाठवली तर पुन्हा कधी येईल याची खात्री नव्हती, असे त्यांनी लिहिले होते आणि साखर कारखान्याच्या वजनकाट्याच्या पावत्या जोडल्या होत्या. पावत्यांवरच्या तारखा जुळत होत्या. या भागात ज्याचा ऊस उभा आहे त्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. ते तीन दिवस आम्ही सोडून दिले. बाकीच्या पाच दिवसांबद्दल मात्र "घरगुती अडचण" एवढेच शब्द होते. केबिनमध्ये बसवून विचारले, तेव्हाही त्यात भर पडली नाही आणि आम्हीही घरातल्या गोष्टी खोदून विचारल्या नाहीत.

म्हणून ताकीद पाच दिवसांपुरतीच दिली. मसुद्याचा मुख्य भाग असा होता :

"आपला लेखी खुलासा मिळाला व त्याचा विचार केला. २२ ते २४ डिसेंबर या दिवसांबाबतचे आपले स्पष्टीकरण व पुरावे मान्य करण्यात येत आहेत. ८ व ९ डिसेंबर आणि २ ते ४ फेब्रुवारी या पाच दिवसांच्या गैरहजेरीचे समाधानकारक कारण आपल्या खुलाशात आढळले नाही. सबब, यापुढे रजा आगाऊ मंजूर करून घ्यावी आणि अचानक अडचण आल्यास पाळी सुरू होण्यापूर्वी सुपरवायझरांना कळवून, कामावर परतल्याच्या दिवशी अर्ज द्यावा, अशी आपणांस ताकीद देण्यात येत आहे. असे पुन्हा घडल्यास नियमानुसार शिस्तभंगाची कार्यवाही सुरू केली जाऊ शकते. कामावर येण्यात काही अडचण असल्यास आपण आमच्याशी बोलावे."

पहिल्या मसुद्यात "बेजबाबदार" आणि "सवयीने" असे दोन शब्द होते, ते काढले. तारखा जे सांगायचे ते सांगतात, विशेषण लावले की माणूस तारखांचे उत्तर देण्याऐवजी विशेषणाशी भांडतो. "कामावरून काढले जाईल" हे वाक्यही ठेवले नाही, कारण तसे लिहिले तर पुढच्या चौकशीचा निकाल आधीच ठरल्यासारखे होते. पत्र मराठीत लिहिले, केबिनमध्ये त्यांच्या हातात दिले, वाचायला वेळ दिला आणि कार्यालयीन प्रतीवर "मिळाले" म्हणून तारखेसह सही घेतली. सही म्हणजे मजकूर मान्य असल्याची कबुली नव्हे, हे त्यांना आधीच सांगितले. सही नाकारली असती, तर दोघा साक्षीदारांसमोर तशी नोंद करून पत्र पोचपावतीसह टपालाने घरच्या पत्त्यावर पाठवले असते. त्याची प्रत सूचनाफलकावर लावण्याचा प्रश्नच नव्हता.

कामगारांच्या सेवाशर्ती आणि शिस्तीचे नियम ठरवणारे स्थायी आदेश आमच्याएवढ्या कारखान्याला सक्तीने लागू नाहीत, मग एवढी यातायात कशासाठी, असे एका उद्योजक मित्राने विचारले. डी. के. यादव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये दिलेला निकाल मी त्यांना सांगितला. आठ दिवसांहून अधिक गैरहजर राहिला म्हणून एका कामगाराचे नाव स्थायी आदेशातील तरतुदीवर बोट ठेवून पटावरून कमी केले होते. त्याला म्हणणे मांडण्याची संधी न देता हे केले, म्हणून न्यायालयाने त्याला निम्म्या थकीत वेतनासह कामावर परत घ्यायला लावले. लेखी तरतूद असूनही चौकशी टळली नाही, मग आमच्याकडे तर तशी तरतूदही नाही. ताकीदीनंतरही गैरहजेरी चालू राहिली असती, तर पुढची पायरी आरोपपत्र आणि चौकशीची होती. ती चौकशी मी किंवा सुपरवायझरने न करता या प्रकरणाशी संबंध नसलेल्या व्यक्तीकडे द्यावी लागली असती.

ती वेळ आली नाही. पुढच्या हंगामात टोळी आली तेव्हा त्यांचा फोन सकाळी पाळीआधी आला आणि परतल्यावर अर्जही आला. तो मंजूर करून हजेरीपत्रकात त्या दिवसांपुढे "रजा" असे लिहिले.