काय बघून तसं वाटलं?

आखाजीला अमळनेरला घर भरलेलं होतं. मावशीने उंबऱ्यातच सांगितलं, "काय रे भाऊ, पार वाळी ग्या तू!" काकू म्हणाल्या, काळा पडलास. एक मित्र म्हणाला, दाढी ठेव. दोन-तीन जणांकडून "थकल्यासारखा दिसतोस" हेही आलं.

एरवी मी दोन दिवस आरशात बघत बसलो असतो. या वेळी प्रत्येकाला एकटं गाठून एवढंच विचारलं, "काय बघून तसं वाटलं?" मावशी हसली. ती भेटल्यावर सगळ्यांनाच वाळवते. काळा पडलास म्हणजे जळगावचं ऊन, ते वैशाखात कुणाला सोडतं? मित्राने स्वतः नुकती दाढी ठेवली आहे, त्यामुळे त्याला सगळे तसेच दिसायला हवेत. "थकलेला" म्हणणाऱ्यांनी मात्र, एकमेकांचं न ऐकता, डोळ्यांकडे बोट केलं.

ताईला विचारलं तेव्हा ती सरळ समोर येऊन बसली. म्हणाली, "डोळे बारीक दिसतात. आणि इथे बघ, चष्म्याच्या काचेतून तुझा गाल आत कापल्यासारखा दिसतो." चार-पाच फुटांवरून तिने फोटो काढला. (सेल्फी नको म्हणाली. जवळून काढलेल्या फोटोत नाकच मोठं येतं.) खरंच, काचेबाहेर गालाची कड एकीकडे आणि काचेतली कड आत सरकलेली. चष्माही नाकावरून खाली आलेला.

काल जळगावला चष्म्याच्या दुकानात तो फोटो दाखवला. माझा नंबर मायनस साडेपाच. मायनसच्या काचेतून समोरच्याला आपले डोळे लहानच दिसतात, आणि काच डोळ्यांपासून जितकी लांब तितके आणखी लहान. म्हणजे घसरलेला चष्मा भर घालत होता. काडीच्या आत छापलेला आकडा दुकानदाराने वाचून दाखवला: ५६-१८-१४५. पहिला काचेची रुंदी, दुसरा नाकावरच्या पुलाचा, तिसरा काडीची लांबी, सगळं मिलिमीटरमध्ये. माझ्या चेहऱ्याला ५६ जास्तच होतं. बुबुळं काचेच्या मध्यावर न येता नाकाकडे सरकलेली.

मी म्हटलं, महागातली पातळ काच टाकू का? तो म्हणाला, "कडेची जाडी कमी होईल, डोळे काही मोठे दिसणार नाहीत." विकायला बसलेला माणूस असं बोलला, म्हणून विश्वास बसला. ४९ ची फ्रेम घातली. बुबुळं मध्यावर आली, गालाची कड बरीचशी काचेबाहेर राहिली. कानामागे काडी थोडी वाकवून घेतली. खाली मान घातली, तरी चष्मा जागचा हलला नाही.

ताईला तिथूनच फोटो पाठवला. तिचं उत्तर: "गाल ठीक. डोळे अजून थोडे लहानच. पण आता रात्री एकपर्यंत मोबाईल बघणं बंद कर, त्याला फ्रेम नसते."

रात्रीचे पावणेबारा झालेत. हे लिहून होईपर्यंत बारा होतील.