मल्हारगंजची पाटी : 'द्धि' अखेर दुरून वाचता आला

इंदूरच्या मल्हारगंजातल्या चक्कीची पाटी चालत्या दुचाकीवरून वाचता यावी, म्हणून मागच्या नोंदीत मी तिचा मजकूर छाटत होतो. आठ फूट रुंद आणि अडीच फूट उंच अशा त्या पाटीवर पूर्वी 'श्री समृद्धि आटा चक्की एवं मसाला उद्योग' हे नाव आणि त्याखाली 'हमारे यहाँ सभी प्रकार का अनाज उचित दर पर पीसा जाता है' हे वाक्य होते. 'हमारे यहाँ', 'उचित दर' आणि 'एवं' हे शब्द कोणत्याही दुकानाला लागू पडतात, म्हणून ते प्रथम गेले. 'श्री' वरच्या कोपऱ्यात लहान अक्षरांत राहील, यावर चक्कीवाल्या काकांची संमती मिळाली. उरल्या दोन ओळी : 'समृद्धि' आणि 'आटा मसाला चक्की'.

त्या गल्लीत दुचाकी ताशी सुमारे 20 किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर जाते. 20 मीटरवरून पाटी वाचता आली, तरी शेवटच्या पाचेक मीटरांत चालकाला मान वळवावी लागते; त्यामुळे हाती जेमतेम तीन सेकंद उरतात.

चाचणीची रीत आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे : पाटीचा दहापट लहान नमुना साध्या कागदावर छापायचा आणि तो दोन मीटरवरून क्षणभर दाखवून झाकायचा. माझ्या शेजाऱ्यांनी 'चक्की' लगेच सांगितले, 'आटा' आणि 'मसाला'ही सांगितले. नाव मात्र 'सम' या अक्षरांच्या पुढे कोणालाच सांगता येईना. अक्षरे जाड केली, तर परिस्थिती अधिकच बिघडली, कारण आतल्या पोकळ्या भरून गेल्या.

अडचणीचे मूळ उंचीच्या हिशेबात सापडले. दर दहा फूट अंतरामागे एक इंच अक्षर हा प्रचलित ठोकताळा रोमन अक्षरांवरून आलेला आहे. आपल्याकडे ती उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंत धरावी लागते, मात्रा आणि उकार त्यात मोजता येत नाहीत. नावाच्या ओळीला मी 14 इंचांचा पट्टा दिला होता. त्यात 'मृ'चा ऋकार आणि 'द्ध'चा लोंबता भाग खाली जागा घेतात, वेलांटी वर जागा घेते, आणि मूळ अक्षराला जवळपास निम्मी म्हणजे 7 इंच उंची उरते. ठोकताळ्यानुसार 70 फुटांवरून, म्हणजे सुमारे 21 मीटरवरून, ते दिसायला हवे, आणि 'स' खरोखरच दिसत होता. परंतु 'द्ध' या जोडाक्षरात 'द'खाली टांगलेला 'ध' अवघा तीन इंचांचा होता. ओळखीला आवश्यक असलेला सर्वांत लहान भाग तीन इंचांचा असेल, तर तो शब्द 30 फुटांच्या, म्हणजे नऊ मीटरच्या पलीकडे वाचता येत नाही. बाकीची अक्षरे कितीही मोठी असोत.

म्हणून 'द' हलन्त करून शेजारी पूर्ण उंचीचा 'ध' बसवला : 'समृद्‌धि'. काकांना प्रथम शब्द तुटल्यासारखा वाटला, आणि त्यांचे म्हणणे रास्त होते, कारण फ्लेक्सवाल्याच्या संगणकातल्या फाँटने दोन अक्षरांमध्ये शिरोरेषाच तोडली होती. मी ती रेषा हाताने अखंड आखली आणि दोघांतले अंतर कमी केले. खालचा लोंबता भाग गेल्यामुळे त्या बाजूला फक्त ऋकार व हलन्ताचा पाय उरला, म्हणून मूळ अक्षर 8 इंचांपर्यंत वाढवता आले. त्याच दोन मीटरवरून शेजारच्या मावशींनी 'समृद्धि' असे सहज वाचले, तेव्हा मला फार आनंद झाला.

रुंदी वाढल्यावर फ्लेक्सवाल्याने अक्षरे आडवी दाबून बसवण्याचे सुचवले. हा उपाय मला अजिबात मान्य नाही. अशा दाबण्याने उभ्या रेघा बारीक होतात आणि आडव्या तशाच जाड राहतात. जागा हवी असेल, तर मजकूर कमी करावा.

हे लिहिताना दुसऱ्या ओळीकडे पुन्हा पाहिले. 'आटा मसाला' या दोन शब्दांत शिरोरेषेच्या वर किंवा अक्षराच्या खाली काहीच जात नाही. वेलांटी केवळ 'चक्की'ला आहे, आणि तिच्यासाठी सबंध ओळीच्या डोक्यावर जागा रिकामी ठेवावी लागते. 'चक्की' काढली, तर दहा इंचांच्या पट्ट्यात जवळजवळ पूर्ण दहा इंचांची अक्षरे बसतील. परंतु मग येथे दळून मिळते की तयार पीठ विकतात, हे कळणार नाही.

तेव्हा 'चक्की' दुसरीकडे न्यावी, असा विचार आता पक्का होत आहे. भिंतीला समांतर पाटी दुचाकीवरून येणाऱ्याला तिरकी दिसते, आणि साठ अंशांच्या तिरकसपणात तिची रुंदी निम्मी भासते. भिंतीतून काटकोनात बाहेर येणारी, दोन्ही बाजूंनी रंगवलेली दोन फुटांची चौकोनी पाटी मात्र समोरासमोर दिसेल. तिच्यावर फक्त 'चक्की' लिहायचे, पिवळ्यावर काळ्या, न चमकणाऱ्या रंगात, आठ इंचांच्या अक्षराने. मोठ्या पाटीवर 'समृद्धि' आणि 'आटा मसाला' राहील. बाहेर येणाऱ्या पाटीसाठी महानगरपालिकेची परवानगी लागते का, याची चौकशी काका करणार आहेत. तोवर पुठ्ठ्याचा पूर्ण आकाराचा नमुना कापून, त्यांच्या ओसरीच्या खांबाला बांधून, रस्त्याच्या दोन्ही टोकांवरून पाहणार आहे.