आमची वाटचाल: खुर्चीवरचा हात

२०१६ मध्ये मी आणि माझा भाऊ, एक स्कॅनर आणि एक जुना लॅपटॉप, एवढ्यावर आम्ही सुरू केलं. आजी-आजोबांच्या लग्नाच्या वाढदिवसासाठी फोटोंचा स्लाइडशो, दशकाप्रमाणे लावलेला, खाली छोट्या ओळी. वाटलं सोपंय, फोटो तारखेने लावायचे आणि गाणं टाकायचं. पण स्कॅन केलेल्या फोटोच्या फाइलवर तारीख पडते ती स्कॅनच्या दिवसाची, त्यामुळे कॉम्प्युटरने लग्नाचा फोटो नातवाच्या बारशाच्याही नंतर नेऊन ठेवला 😅 तेव्हापासून प्रत्येक फाइलला आम्हीच हाताने नाव देतो, `1983_02.jpg` असं, आधी साल मग नंबर.

पण साल कळणार कसं? हे आम्ही शिकलो एका चुकीतून. १९७२ चं लग्न, पन्नासावा वाढदिवस. आजींच्या मांडीवर बाळ, ब्लॅक अँड व्हाइट फोटो. ब्लॅक अँड व्हाइट म्हणजे सत्तरचं दशक असं आम्ही धरून चाललो आणि खाली लिहिलं "पहिलं बाळ, १९७५". कार्यक्रमात त्यांची धाकटी मुलगी उभी राहून म्हणाली, अहो ती मी आहे, माझा जन्म ८३ चा! सगळे हसले, आम्ही मात्र घामाघूम.

घरी येऊन मूळ प्रिंट पाहिली. फोटो उभा होता, स्क्रीन आडवी, म्हणून आम्ही वरचा भाग कापला होता आणि त्यातच खुर्चीमागे उभा असलेला आठ वर्षांचा मोठा मुलगा गेला. स्लाइडवर खुर्चीच्या पाठीवर त्याचा नुसता हात दिसत होता, कोणाचा हे आम्ही विचारलंच नाही. मागच्या बाजूला स्टुडिओचा शिक्कापण होता, सालासकट, पण आम्ही स्कॅन फक्त पुढून केलेलं.

आता काम सुरू करायच्या आधी घरातल्या सगळ्यांची जन्मसालं एका कागदावर घेतो. फोटोतलं सगळ्यात लहान मूल किती वर्षांचं वाटतं त्यावरून साल एक-दोन वर्षांच्या फरकाने निघतं, कपडे नि रंगावरून तेवढं नेमकं कधीच निघत नाही. प्रिंट दोन्ही बाजूंनी स्कॅन, छोटी असेल तर ६०० डीपीआयवर. उभा फोटो कापत नाही, मागे तोच फोटो धूसर करून लावतो. आणि तरीही साल पटत नसेल तर "१९८० च्या आसपास" लिहितो, ठोकून देत नाही.

दुसरी डोकेदुखी म्हणजे संख्या. त्याच घरातून ४१२ फोटो आले, त्यात सत्तरच्या दशकातले फक्त ९ आणि २०१० नंतरचे अडीचशेच्या वर. सगळे लावले असते तर आजी-आजोबा सुरुवातीला मिनिटभर आणि मग नातवंडांच्या ट्रिपा. म्हणून नवीन दशकांना प्रत्येकी बाराची मर्यादा घातली, जुने नऊच्या नऊ घेतले आणि त्यांना सहाऐवजी नऊ सेकंद दिले.

ओळी मात्र आता आम्ही लिहीत नाही. आजींच्या बहिणीला गुपचूप फोन करून फोटो एकेक करून विचारतो. आम्ही लिहिलं असतं "थंडीतली सहल". त्या म्हणाल्या, "सहल कसली, त्या स्वेटरची एक बाही लांब झालीये बघा, म्हणून तर तो हात मागे लपवतोय." तीच ओळ लावली.