आतल्या झाकणाचा कुकर, बाहेरून बसवलेला

धनत्रयोदशी जवळ आली की आमच्या तुर्भ्याच्या कॅटलॉग ऑफिसात भांड्यांशिवाय दुसरं काही दिसत नाही. प्रत्येक प्रतिमा साइटवर चढवण्याआधी तपासायचं काम माझ्याकडे. त्या दुपारी समोर आला एक स्टीलचा कुकर, पाच लिटरचा. मूळ फोटो आमच्याच स्टुडिओतला, पांढऱ्या पडद्यासमोरचा. क्लायंटला मागे उजेडाचं स्वयंपाकघर हवं होतं, म्हणून डिझायनरने तो एआय टूलमधून फिरवून आणला होता. मोबाइलवर चित्र झकास दिसत होतं.

मी ते शंभर टक्के झूमवर उघडलं आणि आधी अक्षरांकडे वळले. बहुतेक चित्रं तिथेच नापास होतात. वाचायचं मात्र उलटं, शेवटच्या अक्षरापासून. सरळ वाचलं की आपणच चुकलेलं अक्षर मनात दुरुस्त करून पुढे जातो. घरगुती प्रेशर कुकरच्या आयएसआय चिन्हावर 'आयएस २३४७' असतं. इथे शेवटचे दोन आकडे उलटे होऊन २३७४ झालं होतं, आणि खालचा परवाना क्रमांक म्हणजे नुसत्या उभ्या काड्या. २०२० च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने कुकरला हे चिन्ह सक्तीचं केलंय, त्यामुळे ही चूक दिसण्यापुरती नव्हती.

"ताई, मी फक्त बॅकग्राउंड बदलायला सांगितलं होतं. कुकरला हात कुठे लावला?" डिझायनर म्हणाला.

लावला होता. वस्तूवर मास्क, म्हणजे टूलने हात लावू नये म्हणून आखून दिलेलं आवरण, न टाकता फोटो दिला, की टूल सगळंच चित्र नव्याने रंगवतं. त्यातली बरीच मॉडेल्स चित्र आधी आकसून घेतात. आठ बाय आठ पिक्सेलचा चौकोन आकसलेल्या चित्राच्या एका घरात बसवणं ही नेहमीची पद्धत. दहा पिक्सेल उंचीच्या अक्षराला मग जेमतेम एक घर मिळतं. तेवढ्यात तीन आणि चारचा फरक कसा टिकणार? म्हणून असा मजकूर पुन्हा जनरेट करत बसण्यात अर्थ नाही, तो मूळ फोटोतूनच आणून बसवायचा.

मग भाग. ते चित्रात मोजत बसू नयेत, खरी वस्तू शेजारी ठेवून एकेकावर बोट ठेवावं. गोडाऊनमधून नमुना मागवला. शिट्टी एक, सेफ्टी व्हॉल्व्ह एक. चित्रात व्हॉल्व्ह दोन होते, दुसरा झाकणाच्या चकाकीतून उगवलेला. चकचकीत स्टीलवर हे फार होतं, प्रतिबिंबाचा ठिपका टूलला बटण वाटतो.

खरी गंमत झाकणात होती. नमुना घेऊन आलेले गोडाऊनचे मामा स्क्रीनकडे बघत म्हणाले, "हे झाकण बसवलं कुणी? हे ना निघायचं, ना लागायचं."

आमचा कुकर आतल्या झाकणाचा. झाकण तिरकं करून तोंडातून आत घालायचं, फिरवायचं, वर ओढायचं आणि त्याचा हँडल भांड्याच्या हँडलवर टेकवून अडकवायचा. म्हणून झाकणाची कड नेहमी भांड्याच्या काठाखाली असते. चित्रात ती काठावरून बाहेर आली होती, बाहेरच्या झाकणाच्या कुकरसारखी. हँडल मात्र आतल्या झाकणाचाच आणि तोही खालच्या हँडलपासून भलतीकडे वळलेला. दोन जातींचे कुकर एकात मिसळले होते. असं पकडायला एकच कड धरायची, इथे तोंडाचा काठ, आणि नजर न उचलता पूर्ण फेरी मारायची. जिथे काठ शिट्टीच्या मागे जातो, तिथून पलीकडे तो त्याच वळणात बाहेर यायला हवा. आमचा काठ पलीकडे निघाला तो झाकण होऊनच.

बूडही खोटं होतं. वरून टिपलेल्या उभ्या भांड्याचं तोंड लंबगोल दिसतं, आणि बुडाची गोलाई तोंडापेक्षा थोडी जास्तच फुगीर हवी, कारण त्याच्याकडे आपण अधिक वरून बघतो. इथे तोंड रुंद उघडं आणि बूड पट्टीने आखल्यासारखं सरळ. एकाच फोटोत दोन कॅमेरे.

चित्र परत गेलं. संध्याकाळी नवीन आलं त्यात कुकर मूळ फोटोतलाच होता, मास्क लावून जसाच्या तसा राखलेला. फक्त ओटा, खिडकी आणि कुकरखालची सावली बनवलेली. सावली खिडकीच्याच दिशेला पडत होती, तेवढी उलटी करून घेतली आणि पास केलं.

मामांनी जाता जाता तीन लिटरचं चित्र उघडायला लावलं. त्यात अक्षरं, भाग, काठ सगळं बरोबर, पण अंगलट पाच लिटरचीच. हे नुसतं बघून कळत नाही. तेव्हापासून नमुन्याची उंची आणि रुंदी टेपने मोजून, त्यांचं प्रमाण चित्रातल्या प्रमाणाशी ताडून बघते. कॅमेऱ्याच्या कोनामुळे थोडा फरक पडतो, तो चालवून घेते.