परिषदेतल्या हॅशटॅगची भिंत: तपासूनच पडद्यावर

पुण्यात शेती आणि पाण्यावरची दोन दिवसांची परिषद होती. हॅशटॅग लावून लोक जे लिहितील ते मुख्य सभागृहाबाहेरच्या एलईडी भिंतीवर दाखवायचं, पण प्रत्येक पोस्ट आधी माणसाच्या नजरेखालून जायला हवी, एवढंच काम आमच्याकडे होतं. तयार सेवा भाड्याने मिळतात. आम्ही स्वतः बांधलं, कारण मराठी मजकुरावर तयार गाळण्या नीट चालत नाहीत. त्या का चालत नाहीत तेच इथे मुख्यतः सांगतो.

आधी पोस्ट कुठून येतात ते. इन्स्टाग्रामवर हॅशटॅग शोधायला व्यावसायिक खातं लागतं आणि अ‍ॅपची मंजुरी काढावी लागते, म्हणून अर्ज महिनाभर आधी टाकला. टॅगच्या ताज्या पोस्ट देणारं `recent_media` फक्त मागच्या 24 तासांतलं देतं. परिषद संपल्यावर सगळं एकदम ओढून घेऊ असा विचार असेल तर पहिला दिवस हातातून गेलाच समजा. ठरावीक अंतराने मागत राहायचं आणि आलेलं लगेच स्वतःकडे नोंदवायचं. स्टोरी आणि खासगी खात्यांच्या पोस्ट येत नाहीत. शिवाय या शोधात पोस्ट करणाऱ्याचं नाव मिळत नाही, मिळते ती पोस्टची लिंक. तपासणारा लिंक उघडून नाव हाताने भरायचा. कंटाळवाणं काम, पण त्या निमित्ताने मूळ पोस्ट उघडली जायची आणि पुढे सांगतो त्या चुका तिथेच सापडायच्या. लिंक्डइनवर हॅशटॅग शोधायची खुली सोय नाही, तिथल्या चांगल्या पोस्ट आम्ही हाताने टाकल्या.

आता हॅशटॅग. आयोजकांनी ठरवलेल्या टॅगमध्ये ‘शेतकऱ्यांचं’ हा शब्द होता. त्यातला ‘ऱ्य’ संगणकाच्या लेखी दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एक ‘ऱ’ला हलन्त जोडून, दुसरा साध्या ‘र’ला हलन्त आणि पुढे शून्य रुंदीचा जोडक लावून. डोळ्यांना फरक दिसत नाही, शोधाला मात्र ते दोन वेगळे टॅग. हिंदी कीबोर्डवाले बरेचदा सरळ ‘र्य’ लिहितात, तो तिसरा. ‘चं’च्या जागी ‘चे’ लिहिणारे धरले की सहा झाले. इन्स्टाग्रामच्या शोधाला सात दिवसांत 30 वेगवेगळ्या टॅगची मर्यादा आहे आणि प्रत्येक रूप वेगळं मोजलं जातं. चाचण्या करताना वाटेल ते टॅग शोधत बसलो असतो तर ऐन परिषदेत कोटा संपला असता. शेवटी आयोजकांना सांगून रोमन लिपीतला एक छोटा टॅग ठरवला आणि तोच बिल्ल्यावर छापून घेतला. मराठी टॅग राहू दिला, पण भिस्त रोमनवर.

हीच भानगड नको असलेल्या शब्दांच्या यादीत. तुलना करण्याआधी मजकूर एकसारखा करावा लागतो:

```
const ekrup = s => s.normalize("NFC")
  .replace(/\u0930\u094D\u200D/g, "\u0931\u094D")
  .replace(/[\u200B-\u200D]/g, "");
```

इथे क्रम महत्त्वाचा. जोडक आधी काढून टाकला तर ‘ऱ्या’चा ‘र्या’ होतो, शब्दच बदलतो आणि यादीशी जुळत नाही. हे रूप फक्त तुलनेसाठी, पडद्यावर मूळ मजकूरच जातो.

दुसरा घोळ शब्दाच्या सीमेचा. जावास्क्रिप्टमधलं `\b` फक्त इंग्रजी अक्षरं, अंक आणि अधोरेषा ओळखतं. देवनागरी शब्दाच्या दोन्ही बाजूंना ते लावलं आणि आजूबाजूला मोकळी जागा असली तर काहीच जुळत नाही. गाळणी शांतपणे सगळं आत सोडते आणि कुठेही चूक दाखवत नाही. तपासायचं असेल तर यादीतला एक शब्द मुद्दाम चाचणी पोस्टमध्ये टाका. त्यावर लाल खूण आली नाही तर समजा हेच झालंय. ‘सीमा नको, नुसता तुकडा शोधू’ असं केलं तर सभ्य शब्दांच्या पोटातले तुकडे पकडले जातात. आम्ही मजकूर मोकळी जागा आणि विरामचिन्हांवर तोडून एकेक शब्द तपासला. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात, म्हणून शब्दाची सुरुवात जुळली की लाल खूण. ही खूण पोस्ट नाकारत नाही, फक्त रांगेत वर आणते. निर्णय माणसाचाच.

कारण यंत्राला टोमणा कळत नाही. ‘पाणी बचतीच्या परिषदेत पिण्याचं पाणीही वाचवलंय, कौतुक आहे’ यात एकही वाईट शब्द नाही. आमचा नियम असा होता की व्यवस्थेवरची तक्रार दाखवायची, व्यक्तीवरची नाही. ही पोस्ट मंजूर झाली. आयोजकांशी हे आदल्या दिवशी लेखी ठरवून घ्या, नाहीतर चहाच्या वेळी कोणीतरी खांद्यावरून डोकावून ‘हे काढा’ म्हणतं.

रचना साधी होती: प्रत्येक नोंद ‘प्रलंबित’ म्हणूनच जन्माला येते आणि भिंतीचं पान फक्त ‘मंजूर’ नोंदी वाचतं. भिंतीने थेट इन्स्टाग्रामकडून काहीही मागायचं नाही. तपासायला दोघं, एकाने मंजूर केलेला फोटो दुसऱ्यानेही पाहायचा, नुसत्या मजकुराला एक पुरे. चहाच्या सुट्टीत रांग वाढते तेव्हा घाई करायची नाही, पोस्ट दहा मिनिटं उशिरा दिसली तरी बिघडत नाही.

फोटोत काय पाहायचं? चेहऱ्यांपेक्षा कडा. बिल्ल्यावरचा फोन नंबर, मागे उघडा लॅपटॉप, ‘प्रसिद्ध करू नये’ लिहिलेली स्लाइड. अल्बम असेल तर सगळे फोटो पाहायचे. वरचा फोटो व्यासपीठाचा आणि आतला चौथा वक्त्याच्या आकडेवारीचा, असं एकदा आमच्यासमोर आलं. त्यातला पहिलाच तेवढा मंजूर केला.

मंजुरीच्या क्षणी मजकूर आणि फोटोची प्रत स्वतःकडे ठेवायची. इन्स्टाग्रामच्या फोटोंचे दुवे काही काळाने मरतात आणि भिंतीवर रिकामे चौकोन दिसू लागतात. मात्र प्रत ठेवली की दुसरी जबाबदारी येते: लेखकाने पोस्ट काढली तर आपल्याकडूनही जायला हवी. दर पाच मिनिटांनी मंजूर पोस्ट पुन्हा तपासत होतो. सापडली नाही तर भिंतीवरून खाली, मजकूर बदललेला दिसला तर परत प्रलंबित. मंजुरीनंतर मजकूर बदलून टाकणं ही गंमत करणारे भेटतातच.

भिंत 6 मीटर बाय 3 मीटरची, 3.9 मिलिमीटर पिचची, म्हणजे दोन ठिपक्यांमध्ये तेवढं अंतर. अर्ध्या मीटरच्या एका पॅनलवर 128 ठिपके, म्हणजे 12 बाय 6 पॅनलना 1536 बाय 768. पान 1920 बाय 1080 धरून केलं असतं तर आकसून मात्रा आणि अनुस्वार पुसट झाले असते. पान नेमक्या त्याच मापाचं केलं, अक्षर 40 पिक्सेलच्या खाली नेलं नाही आणि ओळींमध्ये अंतर जास्त ठेवलं, कारण वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांना भिडतात. एका वेळी तीनच पोस्ट, प्रत्येकी 12 सेकंद.

भिंतीच्या संगणकावर `B` दाबलं की पडदा लगेच परिषदेच्या बोधचित्रावर जातो, अशी कळ ठेवली होती. ती नेटवर अवलंबून नको. सभागृहाचं वायफाय दुपारी हमखास बसतं, त्यामुळे भिंत शेवटच्या मंजूर पोस्टच फिरवत राहील आणि कळ त्या संगणकावरच चालेल, हे दोन्ही आदल्या रात्री केबल उपटून पाहिलं.

नोंदणीच्या टेबलावर ‘या टॅगच्या पोस्ट भिंतीवर दिसू शकतात, नको असल्यास इथे सांगा’ अशी पाटी होती. दुसऱ्या दिवशी पॅनल उतरवायच्या आत फोटोंच्या सगळ्या प्रती पुसल्या आणि खात्याची चावी रद्द केली.