चुलतभावाचा उर्दू मेसेज मराठीत आणताना

भोपाळच्या चुलतभावाने मिरजेच्या फुफूसाठी, म्हणजे आत्यासाठी, उर्दू लिपीत मेसेज लिहिला आणि मराठी करायला मला इंदूरला पाठवला. फुफूला फक्त मराठी वाचता येतं. विषय घराच्या खटल्याचा, म्हणजे पैसा आणि सह्या, त्यामुळे अंदाजाने लिहून चालणार नव्हतं.

आधी मी पूर्ण मेसेज देवनागरीत उतरवला, भाषा उर्दूच ठेवून: ‘मकान के मुक़दमे में राज़ीनामा हो गया है. आपके हिस्से में अस्सी हज़ार आएँगे. वकील साहब की तजवीज़ है कि दस्तख़त 10-12 को हो जाएँ और मज़कूरा रक़म उसी दिन मिल जाए. ख़ुलासा साथ है, किसी को एतराज़ हो तो बताइए.’

उतरवणं दिसतं तितकं सरळ नाही. उर्दूत ऱ्हस्व स्वरांच्या खुणा, म्हणजे ज़ेर, ज़बर, पेश, सहसा लिहीत नाहीत. दुहेरी व्यंजन दाखवणारी तशदीदही गाळतात. म्हणून अलिफ, सीन आणि छोटी ये एवढी तीन अक्षरं दिसली की ‘इसी’, ‘उसी’ आणि ‘अस्सी’ हे तिन्ही वाचता येतात. या मेसेजात ती दोनदा आली. ‘हज़ार आएँगे’च्या आधी आकडाच बसतो, म्हणून तिथे अस्सी. ‘दिन मिल जाए’च्या आधी अस्सी बसत नाही, कारण मुदत सांगायची तर ‘अस्सी दिन में’ असं लिहिलं असतं. उरले इसी आणि उसी. दोन्हींचं मराठी इथे ‘त्याच दिवशी’च होतं, म्हणून मी उसी घेतलं. व्याकरणाने एवढं निभावलं तरी रक्कम भावाकडून आकड्यांत लिहून घेतली. पैशाच्या बाबतीत संदर्भावर विसंबू नये.

देवनागरी झाली म्हणून मूळ मेसेज पुसू नका. ‘राज़ीनामा’त ज़ुआद हे अक्षर आहे, ‘तजवीज़’मध्ये ज़े आणि ‘मज़कूरा’त ज़ाल. आपल्याकडे तिन्हींचा एकच ज होतो आणि मग उर्दू कोशात शब्द शोधायचा तर कोणत्या अक्षराखाली, ते देवनागरीवरून कळत नाही.

खरं सावध राहायचं ते ओळखीच्या शब्दांपासून. अनोळखी शब्द आपण शोधतो, ओळखीचा तसाच पुढे ढकलतो. त्यात आम्हा इंदूरकरांची आणखी एक अडचण: इथल्या कोर्टात दोन्ही पक्षांचं जुळलं की ‘राजीनामा हो गया’ असंच म्हणतात, त्यामुळे तो शब्द कानाला खटकतच नाही. मिरजेत मात्र राजीनामा म्हणजे नोकरी सोडल्याचा कागद. फुफूने विचारलं असतं, कुणी दिला? मराठीत इथे ‘तडजोड’च हवं. तजवीज म्हणजे आपल्याकडे सोय, व्यवस्था. उर्दूत ती सूचना किंवा प्रस्ताव. वकिलांची तजवीज तशीच ठेवली तर त्यांनी सगळी व्यवस्था करून ठेवली आहे असा समज होतो, आणि त्यांनी तर नुसतं सुचवलंय. खुलासा आपण स्पष्टीकरण म्हणून मागतो, उर्दूत तो सारांश. मजकूर आपला लिहिलेला भाग, तर उर्दू ‘मज़कूरा’ म्हणजे वर सांगितलेली. जुन्या मराठी दस्तांत ‘मौजे मजकूर’ दिसतं, त्यात हाच अर्थ टिकून आहे, पण रोजच्या बोलण्यात नाही.

तारीख वेगळ्याच कारणाने फसवते. उजवीकडून डावीकडे चालणाऱ्या मजकुरात उर्दू अक्षरांनंतर आडवी रेघ घालून 10-12 टाइप केलं, तर स्क्रीनवर ते 12-10 असं दिसतं. भाऊ उजवीकडून वाचतो, त्याला दहा डिसेंबर बरोबर दिसतो. आपण डावीकडून वाचून बारा ऑक्टोबर लिहून मोकळे होतो. तिरकी रेघ घातली तर आकडे जागा बदलत नाहीत. यावर उपाय म्हणजे तारीख कॉपी करून मराठी ओळीत चिकटवायची, तिथे ती टाइप केलेल्या क्रमाने दिसते. मग महिना अक्षरात लिहायचा.

शेवटी गेला तो मजकूर असा: ‘घराच्या खटल्यात तडजोड झाली आहे. तुमच्या वाट्याला ऐंशी हजार रुपये येतील. दहा डिसेंबरला सह्या व्हाव्यात आणि ही रक्कम त्याच दिवशी मिळावी, असं वकीलसाहेबांनी सुचवलं आहे. सारांश सोबत आहे. कुणाची हरकत असेल तर सांगा.’

‘एतराज़’साठी हरकत हा मराठीत नेमका शब्द आहे, फक्त उलट वाटेने तो चालत नाही. उर्दूत हरकत म्हणजे हालचाल किंवा कृत्य, बऱ्याचदा वाईट कृत्य. म्हणून फुफूचं ‘माझी काही हरकत नाही’ हे उत्तर भोपाळला पाठवताना ‘मुझे कोई एतराज़ नहीं’ असं लिहिलं.